लसीकरण कार्डाचा तक्ता आणि पेंटाची एक रिकामी चौकट

मुलीच्या लसीकरणाचं कार्ड घड्या पडून फाटत चाललं होतं, म्हणून त्याचा फोटो काढून सगळ्या नोंदी तारीखवार तक्त्यात उतरवायला बसले. काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. दोन संध्याकाळी गेल्या.

पहिला फोटो वायाच गेला. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात होतं आणि फ्लॅशची चमक नेमकी तारखांच्या रकान्यावर पडली. मग पाकिटातून काढलं, खिडकीशी उजेडात सपाट ठेवलं, बरोबर वरून अर्ध्या-अर्ध्या भागाचे फोटो घेतले. मागच्या बाजूचाही घेतला, कारण तिथेही दोन ओळी हाताने लिहिलेल्या होत्या.

तक्त्यात लस, डोस आणि तारीख एवढे रकाने पुरतील असं वाटलं होतं. लवकरच चौथा वाढवला: ‘कार्डावर जसं लिहिलंय तसं’. त्यात मी अक्षर न् अक्षर उतरवायची, आणि तारखेच्या रकान्यात तीच तारीख 2021-04-26 अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 5/4 लिहिलं की पाच एप्रिल की चार मे, हे संगणक आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

डोसचे आकडेही जसेच्या तसे ठेवले. पोलिओच्या थेंबांपुढे 0, 1, 2, 3 असे चार डोस होते. जन्मल्याबरोबर दिलेला तो शून्य डोस. मी आधी सरळ एकपासून मोजत गेले आणि शेवटच्याला ‘चौथा’ लिहून बसले. तसंच राहिलं असतं, तर पुढे कुणीही तक्ता कार्डाशी ताडून पाहताना चक्रावलं असतं.

खरा घोळ पाच आजारांवरच्या पेंटा लसीच्या दुसऱ्या डोसला झाला. मुलीचा जन्म 12 मार्च 2021 चा. पेंटाचा पहिला डोस सहा आठवड्यांनंतर द्यायचा, म्हणजे 23 एप्रिलच्या पुढे. कार्डावर 26/4/21 होतं, ते जुळलं. दुसऱ्यापुढे मी 21/5/21 वाचलं. दोन डोसमधले दिवस तपासायला शेजारच्या रकान्यात हे सूत्र घातलं होतं:

```
=C3-C2
```

उत्तर आलं 25. पेंटाच्या दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे, म्हणजे 28 दिवस लागतात. फोटो मोठा करून पाहिला. 21 मधल्या 1 च्या वर बारीकशी आडवी रेघ होती, घडीच्या सुरकुतीत दबलेली. त्याच अक्षरातला दुसरीकडचा 7 शेजारी ठेवून पाहिला, तर वळण हुबेहूब तेच. शिवाय त्याच भेटीत दिलेल्या रोटाच्या ओळीत 27/5/21 स्वच्छ वाचता येत होतं. मग 27 मे लिहिलं, अंतर 31 दिवस आलं. पण तारीख बदलली ती आकडा 7 दिसला म्हणून, 28 चा हिशोब जुळवायचा म्हणून नव्हे. कधीकधी डोस खरोखरच लवकर दिलेला असतो. तो तसाच नोंदवायला हवा, कारण अशा डोसचं काय करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

तिसऱ्या डोसपाशी मी जास्त वेळ थांबले. कार्डावर दोन रकाने असतात: लस कधी द्यायची आणि कधी दिली. पहिल्यात पेन्सिलीने 24/6 होतं, दुसरा कोरा. त्याच्या वरच्याच ओळीत पोलिओचा तिसरा डोस शाईने 1/7/21 ला दिल्याची नोंद होती. मन म्हणत होतं, त्याच दिवशी पेंटाही दिली असणार, लिहायचं राहिलं असेल. नवऱ्यालाही तसंच आठवत होतं. तरी मी तारीख टाकली नाही, ‘कार्डावर नोंद नाही’ असं लिहून ओळ पिवळी केली.

दुसऱ्या दिवशी जिथे लस दिली होती तिथे जाऊन सिस्टरना जुनं रजिस्टर पाहायची विनंती केली. त्यांनी पान काढलं, बोट फिरवत थांबल्या. “ताई, त्या दिवशी पेंटा संपली होती. फक्त पोलिओ आणि रोटा दिलंय. पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं तुम्हाला.”

आम्ही गेलोच नव्हतो. ते दिवस डोळ्यासमोर आले आणि गलबलून आलं. घरात आजारपण होतं, कार्ड कपाटात गेलं ते गेलंच.

तक्ता आणि मूळ कार्ड दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पिवळी ओळच आधी पाहिली. मालिका पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेलंच पूर्ण करायचं, असं सांगितलं आणि तिच्या आताच्या वयाला कोणती लस चालेल तेही लिहून दिलं. त्या दिवशी घरी येऊन मी नवी ओळ भरली, दंडावर टोचल्याची खूण अजून लाल असतानाच.