दुकानात 52, जमिनीवर 117

औशाच्या काकांचा फोन सकाळी सातलाच आला. आदल्या रात्री मी त्यांना लातूरच्या नव्या घरातल्या हॉलचा भाव कळवला होता : टाईल्स, मसाला, मजुरी सगळं धरून चौरस फुटाला 130 रुपये.

"दुकानदार बावन्न सांगायलाय अन् तू एकशेतीस? मधले अठ्ठ्याहत्तर कुणाच्या घरात चाललेत रे?"

काकांनी आयुष्यभर शहाबादी बघितली. फरशीचा भाव, बसवायची मजुरी, झालं. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. खरं सांगायचं तर तो आकडा मी हॉल नीट न मोजता, नकाशावरच्या 18 बाय 12 वरून काढला होता. म्हणलं, "काका, दहाला येतो. तुमच्यासमोर मांडतो."

पोचलो तेव्हा दुकानदाराचा कागद काकांच्या हातात होता. 216 चौरस फूट, दोन बाय चारची टाईल आठ फुटांची, म्हणजे 27 टाईल्स. बॉक्समध्ये दोन येतात, म्हणून 14 बॉक्स. वाया काही जाणारच नाही, कारण बारा फुटांत दोन फुटांच्या सहा ओळी बरोबर बसतात.

इथंच मेख आहे. ज्याला आपण दोन बाय चार म्हणतो ती टाईल 600 बाय 1200 मिलिमीटर असते. दोन फूट म्हणजे जवळजवळ 610 मिलिमीटर. एका टाईलमागं दहा मिलिमीटर कमी. बॉक्समध्ये 16 नाही, साडेपंधरा चौरस फूट माल असतो. दुकानदारानं 52 चा भाव 16 ला गुणून बॉक्स 832 रुपयांना लावला होता, म्हणजे खरा भाव 53 रुपये 68 पैसे झाला.

पण पैशापेक्षा मोठा घोटाळा मापाचा होता. कोब्यावर खडूनं सहा ओळी आखून दाखवल्या. तीन मिलिमीटरचे सांधे धरूनही भिंतीपर्यंत 43 मिलिमीटर उरतात. पावणेदोन इंचांची ती चिंधी 18 फूट लांब कापायची म्हणजे निम्म्या पट्ट्या कटरवरच तुटतात आणि बसल्या तरी नजरेला खुपतात. अशा वेळी आम्ही एक ओळ कमी करतो आणि दोन्ही भिंतींकडे सारख्या रुंदीच्या, साधारण एक फुटाच्या कापलेल्या ओळी घेतो. मग पाच अख्ख्या आणि दोन कापीव, अशा सात ओळी होतात. एका टाईलमधून एकच तसली पट्टी निघते, उरलेला तुकडा दुसरीकडं पुरत नाही. प्रत्येक ओळीला पाच टाईल्स, म्हणजे 35. बॉक्स 18, वर एक राखीव. माझे 130 तिथून आले होते.

काका खडूच्या रेघांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चारी भिंतींला खाली पट्टी लावणारच ना तू? ती किती जाड असतीय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. स्कर्टिंग जमिनीवरच्या टाईलच्या वर येऊन बसते, म्हणजे तिच्या जाडीएवढी जागा झाकली जाते. टेप काढून रुंदी तीन ठिकाणी मोजली. दारापाशी बारा फूट, मधे पाव इंच कमी, टोकाला अर्धा इंच कमी. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून उरणारी फट कुठं 43 मिलिमीटर, कुठं तीस. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. रुंद टोकाला एका भिंतीकडं साडेएकवीस मिलिमीटर. स्कर्टिंगची टाईल नऊ, तिच्यामागं अॅडेसिव्ह चार, आणि प्लास्टरला टोचे मारून अर्ध्या इंचाचा सिमेंट मसाला चढवला की पंचवीस होतात. फट झाकली जाते. सहा अख्ख्या ओळी, कापीव एकही नाही. हे दरवेळी जमत नाही. फट एका बाजूला इंचाच्या वर गेली तर स्कर्टिंग भिंतीतून बोजड बाहेर येते, कपाटं भिंतीला लागत नाहीत.

लांबीकडं चार अख्ख्या टाईल्स आणि पाचवी सुमारे 26 इंचांवर कापलेली. कापलेली बाजू टीव्हीच्या भिंतीकडं ढकलली. सहा ओळींचे सहा तुकडे उरतात, प्रत्येकी दोन फूट लांब आणि 21 इंच रुंद. त्यातून चार इंची पाच पट्ट्या निघतात. सहा तुकड्यांतून तीस पट्ट्या, जवळजवळ 59 रनिंग फूट. दारं वगळून स्कर्टिंग हवी 53 फूट. वेस्टेज म्हणून जो माल गोणीत जाणार होता, तोच भिंतीला लागला.

मग 30 टाईल्स म्हणजे 15 बॉक्स, एक राखीव धरून 16. त्याचे 13,312 रुपये. हॉलच्या 216 नं भागले की टाईलच चौरस फुटाला साडेएकसष्टच्या पुढं जाते. भागायचं ते नेहमी झाकलेल्या जमिनीनं, विकत घेतलेल्या मालानं नाही. भाडं आणि हमाली 800.

अॅडेसिव्हचा हिशोब करण्याआधी सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी कोब्यावर आडवी धरली. मधोमध पट्टीखाली एक सेंटिमीटर पोकळी दिसली. वीस किलोची गोणी सपाट जमिनीवर 45 चौरस फूट चालते, म्हणून पाच गोण्या, 480 नं 2,400. पण तो खोलगा अॅडेसिव्हनंच भरला असता तर आणखी तीन गोण्या गेल्या असत्या, आणि जाड थर सुकताना बसतो, टाईलही खाली ओढतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी सिमेंट-वाळूनं तो भाग सपाट करून घ्यायचा, 600 रुपयांत. स्कर्टिंगमागचा मसालाही त्यातच.

बसवायची मजुरी 28 नं 6,048. स्कर्टिंग 20 रुपये रनिंग फुटानं 1,060. कटिंग मी मजुरीत मिसळत नाही, वेगळं लावतो, कारण ब्लेड झिजतं आणि कारागिराचा वेळ जातो. 72 फूट सरळ कट आणि खांबाच्या खाचा धरून 600. स्पेसर, क्लिपा, ग्राऊट 500.

बेरीज 25,320. फुटाला 117 रुपये.

काकांनी स्वतः बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाले, "अन् अडतीसवाली टाईल घेतली तर?" तोही हिशोब मांडला. टाईल सोडून बाकी साडेपंचावन्न रुपये तसेच राहतात, त्यामुळं दुकानात चौदा रुपये स्वस्त असलेली टाईल जमिनीवर 100 च्या थोडी वरच पडते. काकांनी बावन्नचीच ठेवली.

काम चार दिवसांत झालं. अरुंद टोकाला मसाला थोडा पातळ घ्यावा लागला, बाकी फट कुठं दिसली नाही. खाच काढताना एक टाईल खांबाशी तुटली, राखीव बॉक्समधली एक तिथं गेली. उरलेली एक काकांनी माळ्यावर ठेवली आणि बॉक्सवरचा लॉट नंबर व शेड माझ्याकडून वाचून घेऊन वीजबिलांच्या वहीत लिहून ठेवला.