स्वयंपाकघरातल्या ब्लाइंड्सचा चिकटा आणि वाकलेल्या तीन पट्ट्या

आमच्या ठाण्याच्या घरात ओट्यासमोर चार फुटी खिडकी आहे. पडदा लावला तर गॅसच्या जवळ येतो, म्हणून तिथे ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स लावून घेतले. पट्टी एक इंच रुंद आणि वर्तमानपत्राच्या दोन-तीन पानांएवढीच जाड. अशा एकूण पन्नास पट्ट्या. दिसायला छान, उजेड हवा तसा घेता येतो. पण दोन वर्षांत त्यांच्यावर जो थर बसला तो नुसत्या धुळीचा नव्हता. फोडणीची वाफ वर जाते, तिच्यासोबत तेलाचे बारीक कण जातात आणि पट्टीवर बसतात. त्या ओशटावर धूळ चिकटते, तिच्यावर पुन्हा तेल. शेवटी पिवळसर, बोटाला खेचून धरणारा चिकटा तयार होतो. सगळ्यात वरच्या पंधरा पट्ट्यांवर तो जास्त होता, खालच्या वीसेकांवर जवळजवळ नव्हताच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी तो काढायला घेतला आणि तीन पट्ट्या वाकवल्या. स्टुलावर उभी राहून, ओलं फडकं दोन बोटांत धरून पट्टी पुसत होते. थर निघेना, म्हणून बोटं घट्ट दाबली आणि टोकाकडून आतल्या बाजूला जोरात फडकं नेलं. दोरी जिथून जाते त्या भोकाजवळ 'टक्' असा बारीक आवाज झाला. पट्टीवर नखाने ओढल्यासारखी आडवी रेघ उमटली आणि टोक खाली झुकलं. सरळ करायला उलट दाबलं, तर रेघ आणखी पांढरी झाली. पुढच्या दोन पट्ट्यांचंही तेच झालं, तेव्हा मी थांबले.

ब्लाइंड्स बसवणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी माझ्या हातात एक सुटी पट्टी दिली आणि म्हणाले, "ताई, ही आडवी धरून बघा. सपाट आहे का?" नव्हती. मधोमध हलका बाक होता, मोजमापाच्या स्टीलच्या टेपला असतो तसा. इतका पातळ पत्रा चार फूट ताठ राहतो तो या बाकामुळेच. बाक एका जागी चेपला की त्या जागी पट्टी दुमडते आणि धातूला एकदा घडी पडली की ती पूर्ण जात नाही. भोकाजवळ पत्रा आधीच कापलेला असल्यामुळे तिथे पट्टी सगळ्यात आधी दुमडते. "आणि टोकाकडून आत ढकलू नका," दादा म्हणाले. "आतून बाहेर पुसा, म्हणजे पट्टी ताणली जाते. ढकललीत की दुमडणारच."

वाकलेल्या पट्ट्या त्यांनी बदलून दिल्या, नवीन न आणता. ब्लाइंड्स पूर्ण सोडले की खिडकीच्या कठड्यावर तळाच्या चार-पाच पट्ट्या नुसत्या रचून पडतात, त्यांचा तसा उपयोग नसतो. दादांनी ब्लाइंड्सच्या अगदी खाली असणाऱ्या तळपट्टीची खालची प्लास्टिकची बुचं काढली, दोरीच्या गाठी सोडल्या आणि दोऱ्या वाकलेल्या पट्ट्यांच्या वरपर्यंत ओढून घेतल्या. दोरी निघाली की पट्टी, ती जिच्या पायऱ्यांवर टेकलेली असते त्या सुताच्या शिडीतून आडवी सरकवून बाहेर येते. तिच्या जागी तळाची चांगली पट्टी सरकवली आणि दोरी पुन्हा खाली ओवली. ओवताना ती शिडीच्या पायऱ्यांच्या एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूने न्यायची असते. सगळीकडून एकाच बाजूने नेली तर पट्ट्या सरकतात. शेवटी शिडीचं उरलेलं सूत तळपट्टीत दुमडून गाठी पुन्हा मारल्या. अर्ध्या तासाचं काम होतं.

त्या तीन वाकलेल्या पट्ट्या मी ठेवून घेतल्या, कारण थर कशाने निघतो हे मला खऱ्या पट्टीवर बघायचं होतं. एका पट्टीवर धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी लावून रात्रभर ठेवलं. थर सुटला, पण सकाळी रंगाची चमक गेलेली होती आणि भोकाच्या कापलेल्या कडेला, जिथे उघडा धातू आहे, तिथे काळसर डाग पडला होता. ॲल्युमिनियमला सोड्याचं कडक पाणी सोसत नाही. खाण्याच्या सोड्याची कोरडी पूड घासली तर रंगावर बारीक ओरखडे आले. व्हिनेगरने काहीच फरक पडला नाही, ते पाण्याचे डाग काढायला बरं, तेलावर नाही. शेवटी उपयोगी पडलं ते भांडी घासायचं साधं लिक्विड आणि कोमट पाणी, मात्र त्याला वेळ द्यायला लागतो. लगेच पुसलं की चिकटा फडक्याला धरतो आणि जोर लागतो. दहा मिनिटं ओलं राहू दिलं की तोच थर पाघळून घसरतो. गेल्या वर्षी मी जो जोर लावला, त्याची गरज याच दहा मिनिटांनी संपली असती. म्हणून आता माझी खूण ठरलेली आहे. पुसताना बोटं आवळावी लागत असतील, तर मी फडकं बाजूला ठेवते आणि पुन्हा लिक्विडचं पाणी लावते.

यंदा ब्लाइंड्स खिडकीतच न पुसता उतरवले. उतरवण्याआधी ते पूर्ण वर ओढून घेतले आणि जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी बांधले, म्हणजे वाटेत सुटून लोंबकळत नाहीत. वरच्या पेटीच्या दोन्ही टोकांना झाकणवाल्या कड्या असतात. झाकण वर उचललं की पेटी पुढे सरकते. हे एकटीने करू नये, एक टोक सुटलं आणि दुसरं अडकलेलं राहिलं की सगळा भार मधल्या पट्ट्यांवर येतो. आमच्याकडे एका टोकाला सासूबाईंनी हात लावला. बाल्कनीच्या ग्रिलला कापडाचे दोन फास करून पेटी त्यात अडकवली आणि ब्लाइंड्स खाली सोडले. आता दोन्ही बाजूंनी हात पोचत होता.

पहिल्यांदा कोरडी धूळ. पाणी आधी लागलं तर तिचा चिखल होतो आणि तो सुताच्या शिडीत मुरतो. मग ते सूत कायमचं मळकट दिसतं. पट्ट्या एका बाजूला जवळपास बंद केल्या आणि मऊ ब्रशने वरून खाली, पट्टीच्या लांबीच्या दिशेने झटकल्या. नंतर उलट्या बाजूला फिरवून पुन्हा. खालच्या वीस पट्ट्यांचं काम यातच जवळजवळ झालं.

मग अर्ध्या बादली कोमट पाण्यात, म्हणजे साधारण पाच लिटरमध्ये, दोन मोठे चमचे लिक्विड घातलं. हाताला सोसेल इतकंच कोमट, उकळतं नको. वरच्या पंधरा पट्ट्यांसाठी मात्र वेगळ्या मगात जरा दाट केलं, एक मग पाण्यात एक मोठा चमचा. हे पाणी स्पंजने, पिळून, पट्टीच्या दोन्ही बाजूंना लावलं. वरची पेटी ओली होऊ दिली नाही. तिच्या आत पट्ट्या फिरवणारा लोखंडी गज असतो आणि त्याला गंज धरतो. दहा मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही, कारण वाळलं की साबणाचा ओघळ तसाच उमटतो. बाल्कनीत वारा होता, म्हणून मी पाच-पाच पट्ट्याच ओल्या करत गेले.

पुसताना हाताला जुना सुती मोजा चढवला. अंगठा वर, बोटं खाली, पट्टी मधे. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. दुसऱ्या हाताने शिडीजवळ पट्टीला आधार दिला आणि मोजा शिडीपासून बाहेरच्या टोकाकडे नेला. मधल्या भागात एका शिडीपासून दुसरीपर्यंत. एका खेपेत दोन्ही बाजू साफ होतात. वरच्या तिसऱ्या पट्टीवर मोजा पहिल्या फेरीतच तपकिरी झाला, चहा सांडल्यासारखा. मोजा धुतला, पाणी बदललं आणि त्या पट्टीला दुसऱ्यांदा दहा मिनिटं दिली. दुसऱ्या फेरीला फक्त फिकट पिवळं आलं, तिसरी लागली नाही. भोकाभोवती मोजा जात नाही. तिथे दात घासायचा जुना मऊ ब्रश, पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच आणि पट्टीच्या मागे बोट ठेवून. सुताच्या शिडीलाही त्याच ब्रशने नुसतं टिपलं.

स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांपेक्षा बोट जास्त नीट सांगतं. ओशट असेल तर कोरडं बोट अडखळत सरकतं. थर गेला असेल तर ओल्या पट्टीवर बोट 'कुई' करतं. गॅसच्या अगदी वरच्या दोन पट्ट्यांवर बोट 'कुई' करत होतं, तरी त्या पिवळट दिसत होत्या. तो थर नाही, उष्णतेने रंगच पिवळा पडला आहे. तिथे आणखी घासण्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून सोडून दिलं.

साबण उरू न देणंही तितकंच महत्त्वाचं. उरलेल्या साबणावर नवी धूळ लगेच चिकटते. साध्या पाण्याच्या पिळलेल्या मोज्याने दोन फेऱ्या मारल्या आणि नंतर कोरड्या कापडाने टिपलं. पट्ट्या उघड्या ठेवून ब्लाइंड्स संध्याकाळपर्यंत तसेच लटकत ठेवले. ओले असताना वर ओढले तर पट्ट्यांच्या मधे पाणी अडकतं, पांढरे डाग पडतात आणि सूतही कुबट होतं. उरलेल्या सत्तेचाळीस पट्ट्यांना मला साधारण तीन तास लागले, त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ त्या वरच्या पंधरांचा.

सासूबाईंच्या खोलीत लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स आहेत, त्यांना यातलं काहीच करत नाही. लाकूड पाणी पितं आणि पट्टी पिळवटते. तिथे कोरडं कापड, फार तर घट्ट पिळलेलं.

आता दर पंधरा दिवसांनी वरच्या पंधरा पट्ट्या पिळलेल्या मोज्याने पुसते. थर ताजा असल्यामुळे दोन मिनिटंही थांबायला लागत नाही. तळणीच्या दिवशी ब्लाइंड्स पूर्ण वर ओढून ठेवते, म्हणजे एकावर एक बसलेल्या पट्ट्यांच्या फक्त कडाच वाफेला लागतात. परवा पुरणपोळ्यांच्या आधी सासूबाईंनीच मला आठवण केली, "आधी ते वर घे गं."