घाईत की घाईने?

‘इन अ हरी’ मराठीत आणायचं तर आधी घाईचीच चौकशी करावी लागते. इंग्रजीत ‘इन’ लावला की माणूस घाईच्या आत जाऊन बसतो आणि काम भागतं. मराठीत प्रत्यय कोणता आणि कशाला लावता यावर पुढचं सगळं ठरतं.

‘आईला लग्नाची घाई आहे’ आणि ‘आई लग्नाच्या घाईत आहे’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्या वाक्यातल्या घरात अजून मुलगीही पाहिलेली नाही. आई निवांत खुर्चीत बसून चहा पीत असेल, पण मुलाचे दोनाचे चार हात कधी होतात, असं तिला झालंय. दुसऱ्या वाक्यात मुहूर्त ठरलाय, पत्रिका वाटणं सुरू आहे आणि आईला बसायला फुरसत नाही. माणसाला ‘ला’ लावला की घाई मनात असते, भूक-तहान असावी तशी. घाईलाच ‘त’ लावला की ती हातापायांत उतरते. अनुवादकाने इथे शब्दाला शब्द ठेवला, तर ठरायच्या आधीच लग्न लागून जायचं.

तिसरा प्रकार ‘ने’चा. ‘तिने घाईघाईने कुलूप लावलं’ हे ठीक. पण ‘घाईघाईने गॅस बंद करायचा राहिला’ म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. तिथे ‘घाईत’च हवं. कारण ‘ने’ला काहीतरी करणारा हात लागतो, आणि राहून जाणं, विसरणं, हातून निसटणं या गोष्टी कोणी करत नाही, त्या होतात. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘इन अ हरी’. अनुवाद करताना मी अशा वेळी फक्त क्रियापदाकडे बघते. केलं असेल तर ‘घाईने’, झालं असेल तर ‘घाईत’. केलेल्या कामालाही ‘घाईत’ चालतं म्हणा (‘घाईत कुलूप लावलं’), पण उलटं मात्र जमत नाही.

त्या मानाने ‘ऑन द टेबल’ सोपं. टेबलावर. हे टेबल आपल्याकडे इतकं मुरलंय की ‘वर’ लागण्याआधी ते निमूट ‘टेबला-’ होतं, घर ‘घरा-’ होतं तसं. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. लॅपटॉप अजून तेवढा आपला झालेला नाही. ‘लॅपटॉपावर’ कोणी म्हणत नाही. हेच ‘त’चंही. ‘त’ हा प्रत्यय, तो शब्दाला चिकटतो आणि त्यासाठी शब्दाने थोडं वाकावं लागतं. ‘फ्रीज’ वाकून ‘फ्रिजात’ होतो, पण फार आढेवेढे घेत. न वाकणाऱ्या शब्दांसाठी ‘मध्ये’ बरं पडतं, म्हणून आपण फ्रीजमध्ये, लॅपटॉपमध्ये म्हणतो. उद्या कोणी कपाटातल्या भांड्यांनाही ‘कपाटामध्ये’ ठेवायला लागलं तर मात्र माझी हरकत आहे.

टेबलावरची खरी अडचण त्या ‘वर’च्या पुढे येते. समजा रहस्यकथेत एका वाक्यात ‘द ब्लड ऑन द नाइफ ऑन द टेबल’ असं आलं. इंग्रजी वाचकाला आधी रक्त दिसतं, मग सुरी, मग टेबल. मराठीत ‘टेबलावरच्या सुरीवरचं रक्त’. क्रम पार उलटा! ‘वर’ला ‘चा’ जोडून आपण त्याचं विशेषण करतो, आणि विशेषण नामाच्या आधी येणार. त्यातही ‘सुरीवरचं’ हे रक्ताचं लिंग घेतं, आणि ‘टेबलावरच्या’मधला ‘च्या’ येतो तो पुढच्या सुरीला ‘वर’ लागलाय म्हणून. एरवी ती ‘टेबलावरची सुरी’ असते.

रहस्यकथेला हा क्रम कधीकधी मुळापेक्षा बरा ठरतो, रक्त शेवटी येतं. पण लेखकाला रक्तच आधी दाखवायचं असेल, तर मी वाक्य तोडते: ‘रक्त सुरीवर होतं. सुरी टेबलावर.’ साखळी आणखी वाढली, म्हणजे ‘खोलीतल्या टेबलावरच्या सुरीच्या मुठीवरचं’ इथवर आली, तर तोडावीच लागते. नाहीतर वाचक रक्तापर्यंत पोचायच्या आत खुनी पळून जाईल.

शिवाय सगळीच टेबलं लाकडाची नसतात. विधानसभेत अहवाल ‘टेबल’ होतो तेव्हा मराठीत तो सभागृहाच्या पटलावर ठेवतात. तिथे टेबलावर लिहिलं तर चहाच्या कपाशेजारी ठेवल्यासारखं वाटतं. आणि ‘अंडर द टेबल’ दिलेले पैसे आपण ‘टेबलाखाली’ देत नाही. टेबलाखाली मांजर बसतं. पैसे ‘टेबलाखालून’ जातात, कारण ते तिथे थांबत नाहीत.