आमची वाटचाल: मराठी अंकांचं घड्याळ

शिवाजी उद्यमनगरात आमचा छोटा कारखाना आहे. भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन आणि काटे आम्ही तयार घेतो. डायल मात्र स्वतः आखतो आणि स्क्रीन प्रिंटिंगनं छापतो, तेही मराठी अंकांचं. बारा इंची डायलवर तीस मिलिमीटर उंचीचे अंक घरात पुरतात. अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी उंची, हा आमचा साधा हिशोब. म्हणजे सहा मीटरवरून वेळ सहज दिसते.

खरा कस लागला तो एका शाळेच्या प्रार्थना सभागृहासाठी घड्याळ करताना. शेवटची रांग बारा मीटरवर होती. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मागच्या मुलांना क्षणभर बघून वेळ कळायला हवी, मोजत बसायला नको." हिशोबानं अंक साठ मिलिमीटरचे हवेत. अठरा इंची डायलवर तेवढे बारा अंक बसवले, तर १०, ११ आणि १२ एकमेकांना खेटतात.

अंक जाड करावेत, असं कुणालाही वाटेल. पण मराठी अंकांना गाठी असतात. रेघ जाडावली की ४ आणि ९ च्या गाठीतली पांढरी जागा बुजते, छपाईत शाई थोडी पसरली की उरलेलीही जाते, आणि लांबून ९ हा १ सारखा दिसू लागतो. म्हणून गाठीच्या आतली मोकळी जागा रेघेच्या जाडीपेक्षा कमी होऊ द्यायची नाही, हे आम्ही पक्कं केलं. काळ्या अंकांना उंचीच्या सातव्या भागाएवढी जाडी छान बसते.

शेवटी १२, ३, ६, ९ एवढेच अंक ठेवले, साठ मिलिमीटर उंच आणि साडेआठ जाड. बाकी ठिकाणी साध्या पट्ट्या. वेळ आपण मुख्यतः काट्यांच्या कोनावरून ओळखतो. अंक दिशा सांगण्यापुरते लागतात. शिवाय सुटा १ नसल्यामुळे ९ चा घोटाळाच मिटला. तासकाटा चौदा मिलिमीटर रुंद घेतला, कारण काट्यापेक्षा अंक ठसठशीत झाले की नजर आधी अंकांवरच अडकते. तो अंकांच्या आतल्या कडेपाशी थांबतो. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत जातो.

१२ मध्ये दोन आकडे शेजारी आल्यानं तो बाकीच्यांपेक्षा गडद दिसत होता. डोळे बारीक करून पाहिलं की असा काळा ठिपका लगेच जाणवतो. त्याची रेघ साडेसातवर आणली, तेव्हा चारही अंक सारखे दिसू लागले. मग डायल झाकून क्षणभर उघडायची आणि मागच्या रांगेतून वेळ विचारायची, अशी चाचणी घेऊनच माल दिला.

सध्या एका हॉटेलसाठी काळी डायल करतोय. काळ्यावर पांढरं असलं की अंक फुगल्यासारखा दिसतो, म्हणून तिथं साठ मिलिमीटर उंच अंकाला सात मिलिमीटरच जाडी ठेवली आहे.