दरी, दारी आणि दर्या

माझी भाची मैत्रिणींबरोबर पुण्यात ट्रेकचा एक ग्रुप चालवते. पावसाळा लागला की रविवारी कुठला तरी गड आणि आदल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर त्याची पोस्ट. फॉलोअर बहुतेक विशी-पंचविशीतले, हिंजवडीत नोकरी करणारे, ठाणे-डोंबिवलीहून येणारे. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, म्हणून कॅप्शन माझ्याकडे येतं आणि त्याबरोबर जुना वादही येतो. मराठी देवनागरीत लिहायचं की इंग्रजी अक्षरांत?

"मावशी, आमच्या वयाचं कुणी देवनागरी वाचत बसत नाही गं," हे तिचं ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. ही मुलं एसटीची पाटी वाचतात, उडप्याच्या भिंतीवरचे दर वाचतात, गणपतीची पावती वाचतात. इंग्रजी माध्यमातली असली तरी शाळेत मराठी किंवा हिंदी होतीच. त्यांना देवनागरी लिहायचा, म्हणजे टाइप करायचा कंटाळा आहे. आता लिहिणाऱ्याची सोय ती वाचणाऱ्याचीही सोय, असं धरून चालायचं का? कॅप्शन एक जण लिहितो आणि हजार जण वाचतात. कंटाळा कुणी करायचा हे त्यावरून ठरावं.

सवय लागली ती एसएमएसच्या काळात, आणि तेव्हा तिला कारण होतं. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजात १६० अक्षरं मावत, देवनागरीत लिहिलं की ७०च. शिवाय तेव्हाच्या बहुतेक फोनवर मराठी कळपाटही नव्हता. पैसे मेसेजमागे जात, तेव्हा 'kasa ahes' हा शहाणपणाच होता. त्याही आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं तेही रोमन लिपीत. मराठी ओव्या, आणि अक्षरं परकी, कारण छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. अडचण दोन्ही वेळी साधनाची होती. आज फोनवर 'pani' टाइप केलं की 'पाणी' असा पर्याय कळपाटच पुढे करतो, तेव्हा ती अडचण सांगून चालणार नाही.

मग आम्ही एक कॅप्शन समोर ठेवलं. राजगडचं, भाचीनं लिहिलेलं:

```
Kal paus zala, vat nisardi ahe.
Darila path karun selfie nako.
Pani galun pya.
```

मी म्हटलं, मराठी येत नाही असं समजून वाच. 'vat' म्हणजे कर. 'path' म्हणजे पायवाट, आणि ट्रेकच्या पोस्टमध्ये ती अगदी शोभूनही दिसते. डोळ्याला ही अक्षरं इंग्रजीची म्हणूनच सवयीची असतात, त्यामुळे तो आधी इंग्रजी शब्द शोधतो, अडखळतो आणि मागे येऊन मराठी लावतो. 'he', 'to', 'me', 'are', 'pan' यांचं हेच होतं. हे, तो, मी, अरे, पण हे आपले सर्वांत जास्त वापरातले शब्द, त्यामुळे ठेच जवळजवळ प्रत्येक ओळीत लागते.

पुढची अडचण मराठीतल्या मराठीत. 'kal' म्हणजे काल, की काळ, की कळ? 'galun' गाळून की गळून? 'dari' दरी की दारी? ऱ्हस्व-दीर्घ जातं, ण आणि न एक होतात, ळ तर पार नाहीसा होतो. संदर्भानं लागतं सगळं, खरं आहे. पण ज्या ओळीवर कुणाचा पाय घसरणं न घसरणं अवलंबून आहे, ती संदर्भानं लावायला का लागावी? तीच ओळ 'काल पाऊस झाला, वाट निसरडी आहे. दरीला पाठ करून सेल्फी नको' अशी लिहिली तर एका नजरेत लागते. आणि जागा जास्त लागते ही समजूतही मोजून बघितली. 'निसरडी' फोनच्या हिशेबात सहा खुणा, 'nisardi' सात. पोस्टखाली 'अजून वाचा'च्या आधी दोनच ओळी दिसतात, तिथे देवनागरी मागे पडत नाही.

भाचीचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला. त्यांच्या भाषेत निम्मे शब्द इंग्रजी असतात, आणि 'पिकअप पॉइंट', 'कॅन्सलेशन', 'रॉक पॅच' देवनागरीत वाचताना त्यांना आपण सरकारी फलक वाचतोय असं वाटतं. बोलण्याचा सूर जातो. म्हणून 'Chala mag, bhetu ravivari' अशी एखादी गप्पांची ओळ मी तशीच सोडते. ती चुकीची वाचली गेली तरी कुणाचं बिघडत नाही. बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत वाढलेली भावंडंही तिच्या फॉलोअरांत आहेत. त्यांना मराठी समजतं, अक्षर लागत नाही. त्यांच्यासाठी ही ओळ दाराची कडी काढून ठेवल्यासारखी आहे.

देवनागरीची बाजू घेताना तिचे दोषही सांगायला हवेत, आणि ते रीलवर दिसतात. व्हिडिओवर जे शब्द चढवतात, त्यामागे रंगाची पट्टी असते. ती इंग्रजी अक्षरांच्या उंचीची असली, तर वरचा रफार आणि खालचा उकार पट्टीबाहेर लोंबतो किंवा कापला जातो. ओळींमध्ये जास्त अंतर ठेवावं लागतं, अक्षर थोडं मोठं घ्यावं लागतं. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही, मग 'नि'ची वेलांटी न च्या पुढे जाऊन बसते. अशी पोस्ट लगेच ओळखू येते आणि तरुण मुलं तिला हसतात, तेही बरोबरच आहे. मुक्ता किंवा बलू हे मुंबईच्या एक टाइपनं केलेले फॉन्ट मोफत मिळतात आणि लहान पडद्यावर नीट वाचता येतात.

सगळ्यांत जास्त वेळ माझा 'ऱ्य' खातो. 'पायऱ्या निसरड्या आहेत' असं लिहायचं असतं आणि फोनवर येतं 'पायर्या'. सूर्यातला रफार वेगळा आणि पायऱ्यांतला र वेगळा. हिंदीला हा दुसरा लागत नाही, म्हणून हिंदीच्या कळपाटावर तो सहज सापडत नाही. मराठी कळपाट निवडून ऱ, हलन्त, य या क्रमानं टाइप केलं की जमतं. भाची म्हणाली, एवढ्यानं काय होतं? मी तिला एका पोस्टची ओळ दाखवली. सह्याद्रीच्या दऱ्यांत उतरायच्या ऐवजी लोक सह्याद्रीच्या दर्यात उतरत होते.

शोधाचं गणित निराळं आहे. गडाचं नाव शोधताना बहुतेक जण 'rajgad' असंच टाइप करतात, म्हणून नाव दोन्ही लिपींत लिहायचं, हॅशटॅग `#राजगड` आणि `#rajgad` दोन्ही. वाक्यांचं तसं नाही. झालाचं zala, jhala, zhala असं काहीही होऊ शकतं, त्यामुळे रोमन वाक्य शोधात सापडेल ही आशा फोल आहे. आणखी एक गोष्ट भाचीला तिच्या एका अंध मित्राकडून कळली. त्याचा फोन मजकूर वाचून दाखवतो, तो देवनागरी ओळ मराठी आवाजात वाचतो आणि रोमन मराठी इंग्रजी उच्चारात. 'Pani galun pya' त्याला काय ऐकू आलं असेल, याची नक्कल त्यानं करून दाखवली म्हणे.

सध्या असं चाललंय: वेळ, ठिकाण, पाणी, धोका देवनागरीत, शेवटची गंमत तिला हवी तशी. प्रतिक्रिया अजूनही बहुतेक रोमनमध्येच येतात. 'Kiti paise?' असं विचारलं की भाचीही रोमनमध्येच आकडा सांगते, आणि तिथे मी हात लावत नाही.