आजीच्या मालिकेने दाखवलेली चूक

मे महिन्यातली गोष्ट. लातूरला औसा रोडवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बारावीतला एक पोरगा तेच सीपीयू तिसऱ्यांदा खांद्यावर घेऊन आला. तक्रारही तीच: "काका, क्रिकेटच्या गेममध्ये बटण दाबलं की बॅट उशिरा फिरायलीय. बॉल स्टंपात गेल्यावर!"

आधीच्या दोन्ही खेपांना मी माझ्या मॉनिटरवर गेम लावून पाहिला होता. सगळं ठीक. एकदा रॅम साफ करून दिली, एकदा विंडोज नव्याने टाकलं. दोन्ही वेळा पैसे घेतले, हे आता लिहिताना जरा ओशाळवाणं वाटतं. तिसऱ्या वेळी डोक्यात प्रश्न आला तो आधीच यायला हवा होता. विचारलं, "घरी मॉनिटर कोणता?"

"मॉनिटर नाही, टीव्ही. त्रेचाळीस इंची, फोर-के."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. खेळताना चित्र अडखळत नव्हतं, फक्त उशिरा हलत होतं. हा फरक महत्त्वाचा. कॉम्प्युटर कमी पडत असेल तर चित्र धक्के खातं. चित्र सलग चालतंय पण हाताच्या मागे राहतंय, तेव्हा संशय टीव्हीवर घ्यायचा.

टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. हालचाल मऊ दिसावी म्हणून तो काही फ्रेम अडवून ठेवतो, त्या एकमेकींशी ताडतो आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवतो. शिवाय रंग खुलवणं, दाणे पुसणं असतंच. सिनेमा पाहताना हे कळतही नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. पण हातात माऊस असला की उशीर लगेच जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड या प्रक्रिया बंद करतो किंवा कमी करतो.

"गेम मोड लावलाय ना?"

"लावलाय की काका. काहीच फरक नाही."

मी मोबाइल स्लो मोशनवर टाकला, सेकंदाला 240 फ्रेम. माऊसवरचं बोट आणि टीव्ही एकाच चौकटीत धरून शूट केलं. मग बोट दबल्यापासून बॅट हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या: 46. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद, म्हणजे जवळपास 190 मिलिसेकंद. वेगवान गोलंदाजाचा चेंडू खेळायला हा उशीर फारच झाला.

मी रिमोटची बटणं दाबत बसलो असताना आतून आजी आल्या. "बाबा, त्या टीव्हीचं बी बघ जरा. मालिकेतल्या बायकांच्या साड्यांचा रंगच उतरलाय आठ दिवसांपासून."

तिथं मला उलगडलं. गेम मोडमध्ये रंग फिके दिसतात. आजींची मालिका यायची सेट-टॉप बॉक्सवरून, एचडीएमआय 1 ला. कॉम्प्युटर होता एचडीएमआय 2 वर. बऱ्याच टीव्हींत चित्राचा मोड प्रत्येक इनपुटला वेगळा साठवला जातो. पोराने सेटिंग उघडली तेव्हा समोर सेट-टॉप बॉक्स चालू होता, म्हणून गेम मोड त्याला लागला.

आधी रिमोटने एचडीएमआय 2 समोर आणलं, कॉम्प्युटरचं चित्र दिसल्यावर मेनू उघडला आणि गेम मोड लावला. पुन्हा मोजलं: 27 फ्रेम. साधारण 112 मिलिसेकंद. बरं झालं, पण मॉनिटरसारखं नाही.

मग विंडोजच्या Settings मध्ये System, Display, Advanced display असं जाऊन पाहिलं. रिफ्रेश रेट 30 हर्ट्झ! कॉम्प्युटर जुना, ग्राफिक्स इनबिल्ट, त्याचं एचडीएमआय 1.4 चं. त्यातून फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच जातं. म्हणजे प्रत्येक नव्या चित्रासाठी 33 मिलिसेकंद थांबायचं. केबल बदलून हे सुटत नाही, मर्यादा पोर्टचीच. रिझोल्यूशन 1920 × 1080 केलं, रेट 60 निवडला, आणि फ्रेम भरल्या 16. साधारण 67 मिलिसेकंद. गेमची चित्रं पडद्याच्या रेटशी जुळवून सोडणारा व्ही-सिंक बंद केला तर आणखी तीन फ्रेम कमी झाल्या, पण वळताना चित्र मधून फाटल्यासारखं दिसायला लागलं. पोरगा म्हणाला, "असू द्या, परत लावा." लावला.

आजींचं इनपुट पुन्हा स्टँडर्डवर आणलं. साड्या आपापल्या रंगात आल्या. या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गेम झकास चाललाय, पण पीडीएफमधली अक्षरं पुसट दिसायलीत. मी सांगितलं, फोर-के पडद्यावर कमी रिझोल्यूशन ताणून दाखवलं की असंच होणार. वाचायला बसलास की फोर-के 30 वर जा, खेळायला बसलास की 1080 आणि 60.

"दर वेळी बदलू?"

"दर वेळी. नाहीतर वडिलांकडून नवं ग्राफिक्स कार्ड माग."

पलीकडे वडिलांचा आवाज ऐकू आला, आणि फोन कट झाला.