सहाशे दाणे आणि तीन घरं

11 मे, येळ्ळूर

आज लॅबमध्ये प्रज्ञाचं आणि माझं जोरात वाजलं. शेजारच्या टेबलावरची पोरं काम सोडून बघत उभी राहिली, शेवटी लॅबचे मामा येऊन म्हणाले, "भांडायलीस कशाला गं दोघी? बाहेर जावा की."

प्रोजेक्टचा विषय आम्ही दोघींनी मिळून निवडलेला. घरी राखलेलं भाताचं बी आणि विकत आणलेलं पिशवीचं बी, दोन्हींच्या उगवणीत फरक आहे का? येळ्ळूर, सुळगा, देसूर या पट्ट्यात मे महिन्यात हा प्रश्न घराघरांत असतो. अप्पा वर्षानुवर्षं घरचंच बी राखतात. शेजारचे काका दरसाल पिशवी आणतात आणि अप्पांना ऐकवतात. मला याचं खरं उत्तर हवं आहे. नुसतं मार्कांपुरतं नको, म्हणून आज माझा आवाज चढला.

आत्तापर्यंत झालेलं काम आधी लिहून ठेवते. तीन घरांतून बी आणलं. रविवार पेठेतल्या दोन दुकानांतून दोन पिशव्या आणि रयत संपर्क केंद्रातून एक. जातीचा फरक मध्ये येऊ नये म्हणून सगळं इंद्रायणीच. प्रत्येकाचे शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर ओळीत मांडले, वरून दुसरा ओला कागद, मग सैलसर गुंडाळी करून रबर लावून बीकरमध्ये उभी. भाताची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची चौदाव्या दिवशी. मोजताना नुसता कोंब फुटला म्हणून दाणा धरायचा नाही. मूळ आणि कोंब दोन्ही नीट वाढलेले असले तरच तो उगवला म्हणायचा. कोंब आहे पण मूळ खुंटलेलं, असे दाणे वेगळे लिहायचे.

घरच्या बियाण्याचे आकडे आले 93, 70 आणि 86. पिशवीचे 90, 93 आणि 87. म्हणजे घरचं सरासरी 83 टक्के आणि पिशवीचं 90.

प्रज्ञानं आज सकाळी निष्कर्ष लिहूनसुद्धा आणला होता: "घरगुती बियाण्याची उगवण बाजारातल्या बियाण्यापेक्षा लक्षणीय कमी आहे." तिनं गणित नीट केलं होतं, त्यात चूक नव्हती. दोन्हीकडे तीनतीनशे दाणे धरले तर सात टक्क्यांच्या फरकात नुसत्या योगायोगानं होणारी डळमळ तीनहून कमी येते. सात म्हणजे तिच्या अडीचपट. पुस्तकात दोनपट झाली की पुरे म्हणतात.

मी म्हटलं, "हे लिहायचं नाही. आपला नमुना फार लहान आहे."

"लहान? सहाशे दाणे मोजलेत आपण! बियाणं तपासायच्या लॅबमध्येसुद्धा चारशेच घेतात."

"चारशे घेतात ते एका लॉटसाठी. हा लॉट चांगला की वाईट, एवढंच त्यांना सांगायचं असतं. आपला प्रश्न एका पोत्याचा नाही, घरोघरच्या बियाण्याचा आहे. आणि घरं किती? तीन."

"अगं, शितावरून भाताची परीक्षा होते ना?"

यावर मी जे बोलले त्यावरूनच भांडण पेटलं, पण माझं म्हणणं अजूनही तेच आहे. शितावरून परीक्षा होते, कारण पातेलं एक असतं. एकाच आधणात शिजलेली शितं, एक दाबलं की बाकीची कळतात. पण माझ्या पातेल्यातलं शीत तुझ्या घरच्या भाताचं काय सांगणार? त्या पातेल्यातली शंभर शितं दाबून बघितली तरी तुझा भात कच्चा की गिचका ते कळायचं नाही. एका पोत्यातले शंभर दाणे एकाच शेतातले असतात, एकाच दिवशी मळलेले, एकाच उन्हात वाळलेले, एकाच कोपऱ्यात ठेवलेले. बिघडले तर सगळे मिळून बिघडतात. शंभरांच्या जागी हजार दाणे घेतले तर त्या पोत्याबद्दल जास्त खात्री होईल, गावाबद्दल तसूभरही नाही.

सत्तर टक्क्यांचं घरच बघा ना. ती गुंडाळी उलगडली तेव्हाच कुबट वास आला होता आणि बऱ्याच दाण्यांवर करडी बुरशी होती. बी आणायला मीच गेले होते. प्लास्टिकचं पोतं गोठ्याच्या भिंतीला टेकून, खाली फळीसुद्धा नाही. तिथल्या आजीनं दाणा दाताखाली धरला, तर तो कट्कन तुटायच्या ऐवजी दबला. बियाण्याच्या भातात ओल 13 टक्क्यांच्या आत हवी, आणि दबणारा दाणा त्याहून ओला असणार. हे एक घर बाजूला ठेवलं तर उरलेल्या दोघांची सरासरी 89.5 येते. पिशवीचे 90. सगळा फरक गायब! ज्याला आम्ही "घरगुती बियाण्याचा दोष" म्हणून छापणार होतो, तो एका भिंतीच्या ओलीचा दोष होता.

मग मी घरं हाच नमुना धरून गणित मांडलं. तीन घरांचे तीन आकडे, तीन पिशव्यांचे तीन. घरांचे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की सात टक्क्यांच्या फरकाची डळमळच सातच्या आसपास निघाली. म्हणजे फरक असेल किंवा नसेलही. आपल्या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही. दाणे तेच आणि टक्के तेच, पण मोजायची वस्तू दाणा धरली की "लक्षणीय" आणि घर धरलं की "सांगता येत नाही".

प्रज्ञा रागानं म्हणाली, "मग काय शंभर घरं फिरायची? महिनाअखेर सबमिशन आहे. कागद संपत आलाय. प्रत्येक घराचे शंभर दाणे मोजायला तुझे अप्पा येणार आहेत?"

तिचं हे म्हणणं खरंच होतं. वेळ उरलाय तो एकाच चौदा दिवसांच्या फेरीपुरता.

आम्ही व्हरांड्यात बसलो, बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिनं दप्तरातून पिशव्यांची लेबलं काढली. तिनं ती जपून ठेवली होती, मी तर फेकून दिली असती. प्रमाणित बियाण्याचे निळे टॅग होते ते. त्यांवरचे लॉट नंबर ती आपल्या वहीत उतरवत होती, आणि मध्येच थांबली. "काय गे हे? दोन्ही दुकानांचा नंबर सारखाच."

अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. दोन वेगळ्या दुकानांतल्या पिशव्या एकाच लॉटच्या होत्या. म्हणजे 90 आणि 93 हे दोन आकडे दोन बियाण्यांचे नव्हतेच, एकाच बियाण्याचे होते. पिशवीकडचे आकडे इतके जवळजवळ का, याचं एक कारण तिथेच मिळालं. आमच्याकडे पिशवीचे लॉट दोनच आहेत. हे प्रज्ञानं स्वतः शोधलं आणि स्वतःच निष्कर्षाच्या पानावर रेघ मारली. मला ती त्या क्षणी फार आवडली. आपल्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सापडली आणि तिनं ती तशीच माझ्यापुढे ठेवली.

त्यानंतरची चर्चा भांडण नव्हतं. कागद तेवढाच, वेळ तेवढाच, मग दाणे वेगळे वाटून बघायचे. एका घराचे शंभर, अशा तीन घरांच्या ऐवजी एका घराचे पंचवीस आणि बारा घरं. तीनशे दाणे तेच. घराघरांतला फरक आत्ता दिसतो तेवढाच खरा धरला, तर घरच्या सरासरीची डळमळ सुमारे सातवरून चारपर्यंत खाली येते. हा अंदाज तीन घरांवरूनच काढलेला, तेव्हा तोही कच्चाच, पण दिशा बरोबर आहे. पिशवीच्या बाजूला दुकानं मोजायची नाहीत, लॉट नंबर मोजायचे. सहा वेगळे मिळाले तर प्रत्येकी पन्नास.

घरं कुठली, यावर पुन्हा थोडं झालं. मी म्हणत होते, ओळखीच्या घरांत पटकन बी मिळेल. प्रज्ञा म्हणाली, ओळखीची घरं म्हणजे तुझ्या अप्पांसारखी, नीट बी राखणारी. मग निकाल आधीच ठरला की. गावच्या सोसायटीच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं काढायची, आणि एखाद्यानं पिशवीच आणली असेल तर पुढची चिठ्ठी. हे तिचं म्हणणं मी मान्य केलं. आणि पोत्यातून दाणे घेताना वरची मूठ उचलायची नाही. वरून, मधून, तळातून घ्यायचे, मिसळायचे आणि मग पंचवीस मोजायचे, कारण ओल बहुतेक तळाला असते.

तिला सत्तरचं घर अजूनही काढून टाकायचंय. "ते बी बिघडलेलंच होतं, ते धरून काय उपयोग?" माझा याला साफ विरोध आहे. बी बिघडणं हा घरी बी राखण्याचाच भाग आहे. गावात अशी घरं किती, हेच तर बघायचंय. कारण लिहून ठेवायचं, पण आकडा काढायचा नाही. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. उद्या सरांना विचारू.

आणखी एक पेच प्रज्ञानंच काढला. ज्यांच्या घरून बी आणू ती माणसं विचारणारच, "आमचं किती आलं?" पंचवीसपैकी वीस उगवले तर 80 टक्के म्हणून सांगायचं का? प्रमाणित बियाण्याला भातात किमान 80 लागतात, म्हणजे तो माणूस निश्चिंत होऊन पेरील. पण पंचवीस दाण्यांवरून त्याची खरी उगवण साठपासून नव्वदपर्यंत कुठेही असू शकते. बारा घरांची मिळून सरासरी काढायला पंचवीस चालतील, एका घराला त्याचा आकडा सांगायला अजिबात नाही.

तेव्हा ठरलं ते असं: कुणालाच टक्के सांगायचे नाहीत. ज्यांचे वीसपेक्षा कमी उगवतील त्यांच्याकडे आधी जायचं आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पेरणीआधी स्वतः मोजायला सांगायचं. बाकीच्यांनाही तेच सांगायचं, पण त्यांच्याकडे नंतर. धूळवाफ पेरणी करणारे थांबणार नाहीत, म्हणून त्यांची घरं चिठ्ठीत निघाली तर त्यांचा कागद सगळ्यांत आधी लावायचा. यादी मागायला मी सकाळी सोसायटीत जाते. प्रज्ञा पहिल्या बसनं येणार आहे.